हफमन कोडिंग: हमी कशाची आणि कुठवर?

संगणकशास्त्राच्या अभ्यासक्रमात 'ग्रीडी अल्गोरिदम'चे प्रात्यक्षिक आले की हफमन कोडिंग हमखास येते. मजकुरातले कोणते चिन्ह किती वेळा आले ते मोजायचे, सर्वांत कमी वेळा आलेली दोन चिन्हे उचलून एका नोडखाली जोडायची, त्या नोडला दोघांची बेरीज द्यायची आणि एकच नोड उरेपर्यंत हेच करत राहायचे. मग मुळापासून डावीकडे जाताना 0 आणि उजवीकडे जाताना 1 लिहिले की प्रत्येक चिन्हाचा कोड मिळतो. प्रोग्राम वीस-पंचवीस ओळींत संपतो, आणि म्हणूनच त्याभोवतीचे गैरसमज तसेच राहतात. या पद्धतीमागे गणिताची एक पक्की हमी आहे. ती हमी नेमकी कशाची, हे एकदा कळले की बहुतेक गैरसमज आपोआप गळून पडतात.

पडताळणीसाठी एक छोटा मजकूर घेऊ. रेल्वेने पेणहून रोह्याला जाताना लागणारी स्थानके ओळीने लिहिली तर मजकूर होतो: `पेण कासू नागोठणे निडी रोहा`. संगणक युनिकोडप्रमाणे व्यंजन आणि मात्रा वेगळ्या मोजतो, म्हणून 'पे' ही त्याच्या लेखी दोन चिन्हे. तशी मोजणी केली तर एकूण 26 चिन्हे भरतात आणि त्यांत 17 प्रकार आहेत. मोकळी जागा 4 वेळा, काना 3 वेळा. 'ण', 'न', 'े' आणि 'ो' प्रत्येकी 2 वेळा. उरलेली 11 चिन्हे एकेकदा.

गैरसमज: ग्रीडी म्हणजे अंदाज, उत्तर चांगले येते, पण सर्वोत्तम असेलच असे नाही.

ग्रीडी पद्धतीबद्दलची ही शंका एरवी रास्त आहे. समोर जे सोयीचे दिसते ते उचलत गेल्याने शेवट चुकल्याची उदाहरणे भरपूर आहेत, आणि त्यांतले एक याच प्रश्नाच्या इतिहासात आहे. हफमनच्या आधी शॅनन आणि फॅनो यांच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत वरून खाली जात असे: चिन्हे उतरत्या क्रमाने लावायची, बेरजा शक्य तितक्या समान होतील असे दोन गट पाडायचे आणि प्रत्येक गट पुन्हा तसाच विभागायचा. तीही प्रत्येक पायरीला समोरचे सोयीचे तेच उचलते. पण 15, 7, 6, 6, 5 अशा वारंवारता दिल्या तर तिला 89 बिट लागतात आणि हफमनला 87. 1951 मध्ये एमआयटीत रॉबर्ट फॅनो यांनी वर्गाला परीक्षेऐवजी निबंधाचा पर्याय दिला आणि सर्वोत्तम कोड शोधण्याचा प्रश्न घातला. डेव्हिड हफमन या विद्यार्थ्याने खालून वर जाण्याचा मार्ग काढला आणि तो 1952 मध्ये प्रसिद्ध झाला.

खालून वर जाणे बरोबर का ठरते, याचे कारण एका अदलाबदलीत आहे. समजा कोणी एक सर्वोत्तम ट्री आणले आणि त्यात सर्वांत खोल पानावर 'ण' (2 वेळा) आहे, तर एकदाच आलेला 'ठ' एक पायरी वर आहे. दोघांच्या जागा बदला. 'ण' एक पायरी वर आला, तो दोनदा येतो, म्हणून 2 बिट वाचले. 'ठ' एक पायरी खाली गेला, म्हणून 1 बिट वाढला. एकूण 1 बिट कमी झाला, म्हणजे आणलेले ट्री सर्वोत्तम नव्हतेच. यावरून सर्वांत दुर्मीळ दोन चिन्हे सर्वांत खोल पातळीवर शेजारी-शेजारी असतील असे एक सर्वोत्तम ट्री नेहमी सापडते. मग त्या दोघांना आत्ताच जोडण्यात काही गमावत नाही. ती जोडली की एक चिन्ह कमी असलेला तसाच प्रश्न उरतो आणि तोच युक्तिवाद पुन्हा लागू पडतो. तेव्हा हमी 'ग्रीडी' या विशेषणातून येत नाही. प्रत्येक निवड सर्वोत्तम उत्तरात बसते हे सिद्ध करता येते, त्यातून ती येते.

गैरसमज: बरोबर ट्री एकच असते, माझे कोड मित्राच्या कोडशी जुळले नाहीत म्हणजे कोणाचे तरी चुकले.

आपल्या मजकुरात बरोबरीचे प्रसंग पावलोपावली येतात. एकेकदा येणाऱ्या 11 चिन्हांच्या पाच जोड्या लागतात आणि एक चिन्ह उरते. ते 'ह' आहे आणि ते 'न'शी जोडले असे धरू. पुढे एका टप्प्यावर 4 वजनाचे पाच नोड समोर असतात. त्यांत एक मोकळी जागा आणि एक 'े' व 'ण' यांची जोडी. त्यांपैकी चार एकमेकांशी जोडले जातात आणि एक मागे राहतो. मोकळी जागा मागे ठेवली तर तिला 2 बिटांचा कोड मिळतो आणि 'े' व 'ण' यांना 4 बिटांचे. 'े' व 'ण' यांची जोडी मागे ठेवली तर त्या दोघांना 3-3 बिट मिळतात आणि सर्वाधिक वेळा आलेल्या मोकळ्या जागेलाही 3 बिट. पहिल्या ट्रीत मोकळ्या जागेवर वाचलेले 4 बिट दुसऱ्या ट्रीत 'े' आणि 'ण' वर वाचतात. दोन्हींची एकूण बेरीज 103 बिटच.

म्हणजे तपासायचे ते एकूण बिट. कोडची यादी किंवा ट्रीचा आकार नव्हे. ही बेरीज ट्री न काढताही मिळते, कारण प्रत्येक जोडणीत तयार झालेल्या वजनांची बेरीज म्हणजेच एकूण बिट:

```python
import heapq
from collections import Counter

heap = list(Counter("पेण कासू नागोठणे निडी रोहा").values())
heapq.heapify(heap)
total = 0
while len(heap) > 1:
    s = heapq.heappop(heap) + heapq.heappop(heap)
    total += s
    heapq.heappush(heap, s)
print(total)   # 103
```

तुमच्या कोडवरून मोजलेली बेरीज यापेक्षा जास्त आली तर चूक बहुधा एकाच ठिकाणी असते: सुरुवातीला एकदाच क्रम लावला आणि जोडून तयार झालेला नोड त्याच्या वजनाप्रमाणे योग्य जागी परत घातला नाही. पायथनमध्ये आणखी एक अडचण येते. हीपमध्ये वजन आणि नोड यांची जोडी ठेवली आणि दोन वजने सारखी निघाली, तर पायथन नोडचीच तुलना करू पाहतो आणि प्रोग्राम `TypeError` देऊन थांबतो. मध्ये एक चढता क्रमांक ठेवला की हे टळते. शिवाय मजकुरात एकच प्रकारचे चिन्ह असेल तर जोडणी होतच नाही आणि उत्तर 0 येते. तेवढ्यापुरता 1 बिटाचा कोड हाताने द्यावा लागतो.

गैरसमज: कोडची लांबी कमीजास्त असल्यामुळे मधे विभाजक चिन्ह लागतेच.

वरच्या पहिल्या ट्रीत मोकळ्या जागेचा कोड 00, कान्याचा 010, 'ह'चा 0110 आणि 'न'चा 0111 असा येऊ शकतो. 'हा ना' हे या कोडमध्ये 0110010000111010 होते. डावीकडून वाचा: 0, 01, 011 हे कोणाचेच कोड नाहीत, 0110 आला की 'ह' ठरला. पुढे 010 काना, 00 मोकळी जागा, 0111 'न', 010 काना. कुठेही दुसरा अर्थ निघत नाही, कारण चिन्हे फक्त पानांवर असतात आणि एका पानाकडे जाणारी वाट दुसऱ्या पानातून जाऊ शकत नाही. यावर आक्षेप असा असतो की एक बिट बिघडला तर पुढचे सगळे घसरेल. घसरू शकते, हे खरे. पण त्रुटी ओळखणे हे वेगळे काम आहे आणि gzip त्यासाठी मजकुरासोबत तपास-अंक ठेवते. प्रीफिक्स गुणधर्म बिघाड नसलेल्या मजकुराच्या एकमेव वाचनाची खात्री देतो, त्यापलीकडे नाही.

गैरसमज: हफमन वापरले की मजकूर लहान होतोच, आणि मराठीत तर पाचपट.

हा समज सर्वांत फसवा आहे, कारण आकडे त्याच्या बाजूने दिसतात. UTF-8 मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह 3 बाइट घेते. आपल्या मजकुराची 22 देवनागरी चिन्हे आणि 4 मोकळ्या जागा मिळून 70 बाइट, म्हणजे 560 बिट होतात. 560 वरून 103! पण यातले हफमनचे श्रेय किती? 17 प्रकारांना समान लांबीचे कोड द्यायचे तर 5 बिट पुरतात आणि 26 चिन्हांना 130 बिट लागतात. म्हणजे 560 ते 130 ही घट केवळ चिन्हे मोजकी असल्यामुळे झाली. वारंवारतेचा उपयोग 130 ते 103 इतकाच, 27 बिटांचा.

त्यातही वाचणाऱ्याला ट्री कळवावे लागते. चिन्हांची यादी दोन्ही पद्धतींत लागतेच, पण हफमनमध्ये प्रत्येक कोडची लांबीही सांगावी लागते. लांबी 2 ते 5 यांपैकी एक, म्हणजे प्रत्येकी 2 बिट, आणि 17 चिन्हांचे 34 बिट. वाचले 27, खर्च झाले 34. या छोट्या मजकुरावर हफमन तोट्यात आहे. वारंवारतेचे प्रमाण असेच राहून मजकूर शंभरपट वाढला तर बचत 2700 बिट होईल आणि लांब्यांचा खर्च 34 बिटच राहील. पद्धत फायद्याची ठरते ती तिथे.

आता हमीची दुसरी सीमा. हाच मजकूर युनिकोडच्या चिन्हांऐवजी पूर्ण अक्षरांनी मोजला, म्हणजे 'पे', 'ण', 'का' अशी एकेक अक्षरे धरली, तर 12 वेगवेगळी अक्षरे एकेकदा आणि मोकळी जागा 4 वेळा येते. हफमनची बेरीज 103 वरून 56 वर येते. कोणी विचारेल, मग 103 सर्वोत्तम कसे? ते सर्वोत्तम आहे, पण आपण ठरवलेल्या चिन्हांसाठी, प्रत्येक चिन्हाला पूर्ण बिटांचा कोड देण्याच्या अटीत. चिन्हे कोणती मानायची हे हफमन ठरवत नाही. अक्षरे धरल्यावर कोड आखूड होतात. त्याच्या बदल्यात लांब मजकुरात अक्षरांचे प्रकार भराभर वाढतात आणि यादी मोठी होते.

म्हणूनच zip आणि gzip मधली डिफ्लेट पद्धत आधी पुन्हापुन्हा येणारे तुकडे शोधते, त्यांच्या जागी 'इतके मागे जा, इतकी चिन्हे घे' अशा खुणा ठेवते आणि मग उरलेल्या चिन्हांवर आणि त्या खुणांवर हफमन लावते. ट्री कळवताना ती फक्त कोडच्या लांब्या पाठवते आणि कोणताही कोड 15 बिटांपेक्षा लांब होऊ देत नाही. प्रात्यक्षिकाच्या वहीत नुसते 'मजकूर इतका टक्के लहान झाला' असे लिहिले तर त्यातून हफमनबद्दल काहीच कळत नाही. समान लांबीच्या कोडचे बिट, हफमनचे बिट आणि ट्री कळवण्याचे बिट हे तीन आकडे शेजारी-शेजारी लिहिले, तर अल्गोरिदमने किती काम केले आणि आपल्या चिन्हांच्या निवडीने किती, हे त्या ओळीतच दिसते.