जुन्या अल्बममधले लालपिवळे पडलेले फोटो मोबाइलवर कसे सुधारायचे?

आईच्या लग्नातला शालू कोणत्या रंगाचा होता, यावर आमच्या घरी परवा चांगलाच वाद झाला. फोटो १९८२ चा. आम्ही सगळे लहानपणापासून तो फोटो बघतोय आणि आमच्या मते शालू चॉकलेटी. आई म्हणते, बाटलीसारखा गडद हिरवा. शालू कधीचाच विरून गेलाय, त्यामुळे पुरावा म्हणून हातात फक्त फोटो. आणि फोटो बघून बघून आईलाच आता वाटायला लागलं होतं की, "असेल बाई चॉकलेटीच, इतकी वर्षं झाली."

मी फोटो नीट पाहिला तेव्हा एक गोष्ट खटकली. आईच्या हातातला चुडाही तपकिरी दिसत होता. आपल्याकडे नवरीचा चुडा हिरवाच असतो, त्यात शंकेला जागा नाही. म्हणजे खोटं आई बोलत नव्हती, फोटो बोलत होता.

तर असं का होतं, ते आधी समजून घेऊ. नाहीतर पुढचं सगळं अंदाजपंचे होईल. त्या काळच्या रंगीत प्रिंटमध्ये तीन रंगांचे थर असायचे: सायन म्हणजे निळा-हिरवट, मॅजेंटा म्हणजे राणी कलरच्या जवळचा, आणि पिवळा. सगळे रंग या तिघांच्या मिश्रणातून तयार व्हायचे. हिरवा हवा असेल तर सायन आणि पिवळा. काळा हवा असेल तर तिन्ही भरपूर. सत्तरच्या दशकातल्या आणि ऐंशीच्या सुरुवातीच्या बऱ्याच प्रिंट्समध्ये यातली सायन सगळ्यात कच्ची होती. अल्बम कपाटात, अंधारात बंद असला तरी ती हळूहळू उडत राहायची, आणि उष्णता नि दमटपणा असेल तर आणखी लवकर. (१९८४ मध्ये कोनिकाने जास्त टिकणारा कागद बाजारात आणला आणि त्यानंतर इतरांचेही कागद सुधारत गेले.) हिरव्यातून सायन वजा केली की उरतो पिवळा आणि थोडा मॅजेंटा. झाला चॉकलेटी! काळ्या केसांतून सायन गेली की केस मेंदी लावल्यासारखे लालसर.

दुसरी भानगड पांढऱ्या भागात होते. तिथे उडायला रंगच नसतो, पण कागदात न वापरली गेलेली रसायनं शिल्लक असतात आणि ती वर्षानुवर्षं पिवळी पडत जातात. चिकट पानांचा अल्बम असेल तर त्याचा गोंदही भर घालतो. म्हणजे एकाच फोटोत दोन वेगळे रोग आहेत: गडद भाग लाल झालाय आणि उजळ भाग पिवळा.

इथेच बहुतेकांचं चुकतं. आपण फोटो एडिटरमध्ये उघडतो, लाल वाटतोय म्हणून Temperature किंवा Tint चा स्लायडर ओढतो. हे स्लायडर ढोबळमानाने सगळ्या फोटोला एकाच मापाने रंग लावतात. माझ्या फोटोचे आकडे मी कॉम्प्युटरवर मोजले. बाबांच्या केसांत लाल ९६, हिरवा ४२, निळा ३८. भोवतालच्या पांढऱ्या किनारीत लाल २४०, हिरवा २३१, निळा १९८. (मोजपट्टी ० ते २५५, तिन्ही आकडे सारखे असतील तर रंग करडा, काळा किंवा पांढरा.) आता केस काळे करायला लाल ९६ वरून ४२ वर आणायचा, म्हणजे निम्म्याहून कमी करायचा. तेच माप किनारीला लावलं तर तिथला लाल १०५ होतो आणि पांढरी किनार हिरवट-निळी पडते. केस सुधारले, बाकी लग्नमंडप पाण्याखाली. स्लायडर कितीही मागेपुढे करा, दोन्ही एकदम जमणार नाही, कारण रोग सगळीकडे सारखा नाहीच.

यावर उपाय Curves. नाव ऐकून घाबरू नका, आपल्याला फक्त टोकं सरकवायची आहेत.

पण त्याआधी फोटोचा नीट फोटो काढा. घरच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलेली कॉपी घेऊ नका. ती दाबून लहान केलेली असते आणि रंग ताणले की चौकोनी ठिपके वर येतात. दिवसा खिडकीजवळ, पण थेट उन्हात नाही, प्रिंट सपाट ठेवा. ट्यूबलाइट आणि बल्ब बंद करा, फ्लॅश बंद, ब्यूटी मोड बंद. फोन थोडा लांब धरून २x झूम वापरा, म्हणजे फोनची सावली पडत नाही आणि कडा वाकत नाहीत. अल्बमवरचा प्लास्टिकचा कागद सहज निघत असेल तरच उचला, कारण तो स्वतःही पिवळा झालेला असतो. प्रिंट चिकटलेली असेल तर ओढू नका, कागदाचा वरचा थर फाटतो. तशीच पानावर असताना काढा. आणि हो, प्रिंटची पांढरी किनार फ्रेममध्ये येऊ द्या. तीच आपली फूटपट्टी आहे. किनार नसेल तर मुंडावळ्या, अंतरपाट, बाबांचा सदरा, जे खात्रीने पांढरं होतं ते चालेल.

फोनचा Night Light किंवा डोळ्यांसाठीचा पिवळा मोड बंद केलाय ना? मी पहिल्यांदा रात्री अर्धा तास खपून केलेला फोटो सकाळी बघितला तर सगळे वऱ्हाडी निळे!

आता स्नॅपसीड उघडा. आधी Crop करून टेबल, अल्बमचं पान वगैरे बाहेरचं सगळं कापा, किनार ठेवा. मग Tools → Curves. खाली चॅनेल निवडायचं बटण आहे, त्यात Red घ्या. पडद्यावर डावीकडे खालून उजवीकडे वर जाणारी तिरकी रेघ दिसेल. तिचं डावं खालचं टोक म्हणजे फोटोतला सगळ्यात गडद भाग. ते टोक धरून तळाच्या कडेने उजवीकडे सरकवा. डोळे फक्त केसांवर ठेवा. लालसरपणा जाऊन केस काळे दिसले की थांबा. माझ्या फोटोत हे टोक जवळजवळ एक तृतीयांश अंतर सरकवावं लागलं, मोजपट्टीवर ८० पर्यंत. किनार फारशी हलली नाही, कारण रेघेचं वरचं टोक जागेवरच होतं. स्लायडरला जे जमत नाही ते हेच.

मग Blue घ्या. इथे काम उलट्या टोकाला आहे. उजवं वरचं टोक वरच्या कडेने डावीकडे सरकवा आणि आता फक्त किनारीकडे बघा. पिवळेपणा जाऊन पांढरी झाली की बास. माझ्याकडे ते १९८ वर आलं. निळ्याचं आणि हिरव्याचं खालचं टोक मी जेमतेम २० पर्यंत सरकवलं. हिरव्याचं वरचं २३१ वर आणि लालचं वरचं २४० वर आणलं.

एवढं केल्यावर केस झाले २६, २७, २६. म्हणजे काळे. आणि शालू? आधी तो ११२, ७८, ५० होता, म्हणजे शुद्ध चॉकलेटी. आता ५१, ७०, ४३. तिघांत हिरवा सगळ्यात वर! शालूला मी वेगळा हातही लावला नव्हता, फक्त केस आणि किनार दुरुस्त केली होती. चुडाही बरोबरच हिरवा झाला. हा ताळा महत्त्वाचा, कारण चुड्याचा रंग आपल्याला आधीपासून माहीत आहे. आईचा चेहरा शेंदरी वाटत होता, तो १९९, १५७, १२२ वर आला, म्हणजे साधा गव्हाळ.

तुमच्या फोटोचा रोग थोडा वेगळा असू शकतो, तो केसांवरून ओळखा. केस नुसते लालसर असतील तर सायन गेलीय, Red चं खालचं टोक सरकवा. केस जांभूळ किंवा राणी कलरकडे झुकत असतील तर सायनसोबत पिवळाही उडालाय, मग Red आणि Blue दोन्हीची खालची टोकं सरकवा. भिंतीवर फ्रेम करून लावलेल्या फोटोंचं गणित आणखी निराळं, कारण उजेडाने कधी मॅजेंटा आधी उडतो आणि फोटो हिरवट होतो. तिथे Green चं खालचं टोक.

जास्त झालं हे कसं कळेल? चेहऱ्यावरून. गाल राखाडी किंवा हिरवट आजारी दिसायला लागले तर लाल टोक जरा मागे घ्या. केस पूर्ण काळेकुट्ट करायच्या नादात हे नेहमी होतं. प्रिंटमध्ये केसही गडद करडेच असतात. दुसरी खूण म्हणजे सावलीत दिसणारे रंगीत दाणे. आपण लालची उरलेली थोडीशी रेंज ताणून पूर्ण भरतो, त्यामुळे कॅमेऱ्याचा सगळा कचराही ताणला जातो. फोनमध्ये रॉ फोटो काढायची सोय असेल तर अशा प्रिंट्ससाठी जरूर वापरा, तिथे ताणायला जागा जास्त असते.

त्याच रोलचे, त्याच अल्बममधले फोटो साधारण सारखेच उडालेले असतात, त्यामुळे पहिल्याला लागलेलं टोकांचं अंतर लिहून ठेवलं की पुढच्यांना सुरुवात तिथूनच करता येते. मी त्या लग्नाचे बाकीचे फोटो तसेच केले. मूळ फाइल्स वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवल्यात, आणि प्रिंट अर्थातच अल्बममध्ये आहेत तशाच.

आईला फोटो दाखवला. तिने चष्मा लावून बराच वेळ बघितला, मग म्हणाली, "हां, हाच. पण काठ जांभळे होते रे." माझ्या फोटोत ते लालच दिसतायत. लाल आणि जांभळ्यातला फरक इथे मुख्यतः सायनचाच, आणि बोटभर काठात ती इतकी कमी उरलीय की ताणल्यावर नुसते दाणे दिसतात. आई सांगते त्यावरून काठ हाताने रंगवता येतील, पण मग ती माझी चित्रकला होईल. मी काठ लालच ठेवलेत आणि फाइलच्या नावात लिहून ठेवलंय: काठ जांभळे.