ओली हळद, पूड आणि मिरीचे दाणे

वडीगोद्रीच्या स्वयंपाकघरात येणारी हळद बहुधा पूडच असते. ओली हळद दिसते ती काढणीच्या दिवसांत. दोन्हींत मुख्य फरक पाण्याचा आहे. हिंगोली-वसमतकडे कंद शिजवून, उन्हात वाळवून हळकुंड करतात, तेव्हा पाच किलो ओल्या हळदीचे साधारण एक किलोच उरते. म्हणून चमचाभर, म्हणजे तीन ग्रॅम पुडीच्या जागी ओली हळद पंधरा ग्रॅम, अंगठ्याएवढा तुकडा लागतो. ओलीत सुगंधी तेल जास्त टिकते. पुडीत रंगद्रव्य, कुर्क्युमिन, एकवटते.

कुर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलातुपात विरघळते. शिवाय शोषलेला अंश आतडे आणि यकृत लगेच बदलून टाकतात. मिरीतले पायपरिन हा बदल मंदावते. १९९८च्या बंगळुरूच्या प्रयोगात दोन ग्रॅम कुर्क्युमिनसोबत वीस मिलिग्रॅम पायपरिन दिल्यावर शोषण सुमारे वीसपट झाले.

पण हा आकडा फोडणीला लागू करू नये. पुडीत कुर्क्युमिन सुमारे तीन टक्के धरले, तर दोन ग्रॅमसाठी सुमारे सदुसष्ट ग्रॅम पूड लागेल. चमचाभर पुडीत ते जेमतेम नव्वद मिलिग्रॅम असते. तेव्हा वरणाला तुपात हळद परतून दोन-तीन मिरे ताजे कुटून घालावेत. त्यातून आजार बरा होण्याची अपेक्षा ठेवू नये.

पायपरिन काही औषधांचेही शोषण वाढवते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर हळद-मिरीच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात.