अंगठीतून गेली, म्हणून पश्मिना?

श्रीनगरच्या दुकानात शाल अंगठीतून सर्रकन ओढून दाखवतात आणि आपण भुलतो. पण पातळ व्हिस्कोस किंवा रेशमी शालही अंगठीतून तशीच जाते. त्यापेक्षा शाल उजेडासमोर धरा. लडाखच्या चांगथांगी शेळीची ही लोकर जेमतेम 12 ते 16 मायक्रॉन जाडीची असते. ती हाताने कातून हातमागावर विणली की धागा कुठे जाड, कुठे बारीक दिसतो. वीण अगदी एकसारखी आणि वर चकाकी असेल, तर शंका घ्यावी.

झालरीतला एकच धागा काढून चिमट्यात धरून जाळा. केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटांत चुरली, तर ती लोकर किंवा रेशीम. कागद जळल्याचा वास आला तर व्हिस्कोस. वितळून कडक गोळी झाली तर अ‍ॅक्रिलिक किंवा पॉलिएस्टर. मात्र साधी मेंढीची लोकरही पश्मिन्यासारखीच जळते, त्यामुळे हा निकाल अर्धाच. भारी किमतीच्या शालीवर काश्मीर पश्मिन्याचं जीआय लेबल मागाच. ते तंतू तपासून लावलेलं असतं.

धुताना गार पाण्यात चमचाभर बेबी शॅम्पू पुरतो. पाच मिनिटं हलकेच दाबायचं. चोळलं किंवा गरम पाणी घेतलं, की तंतूंवरचे खवले एकमेकांत अडकतात आणि शाल आटून नमद्यासारखी घट्ट होते. पिळू नका. टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपा आणि सावलीत सपाट पसरा. दोरीवर टांगलेली ओली शाल स्वतःच्याच वजनाने ओघळते. भरतकामाची असेल, तर रंग उतरू शकतो. ती ड्रायक्लीनलाच द्यावी.