पंचवीस प्रमाण विचलनांचा दिवस

ऑगस्ट 2007 मध्ये गोल्डमन सॅक्स या अमेरिकी वित्तसंस्थेच्या गुंतवणूक फंडांना काही दिवसांतच मोठा तोटा झाला. संस्थेचे मुख्य वित्त अधिकारी डेव्हिड विनियार यांनी तेव्हा दिलेलं स्पष्टीकरण पुढे वित्तक्षेत्रात गाजलं. सरासरीपासून 25 प्रमाण विचलनं दूर असलेल्या घडामोडी लागोपाठ कित्येक दिवस घडत होत्या, असं त्यांचं म्हणणं होतं. ऐकणाऱ्याला वाटावं की हा शुद्ध दैवाचा फेरा, त्यापुढे कुणाचं काय चालणार? पण याच वाक्याची आकडेमोड केली तर ते नशिबाबद्दल फार थोडं सांगतं आणि मोजणाऱ्याच्या गृहीतकांबद्दल बरंच काही.

प्रमाण विचलन म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरलेले आहेत याचं माप. शेअर निर्देशांक शांत काळात दिवसाला सरासरीच्या आसपास वरखाली होत राहतो आणि त्याचं प्रमाण विचलन साधारण एक टक्क्याच्या घरात असतं. या मापावरून एक नियम कॉलेजात संख्याशास्त्र शिकलेल्या प्रत्येकाला पाठ असतो : 68 टक्के आकडे सरासरीपासून एका प्रमाण विचलनाच्या आत, 95 टक्के दोनच्या आत आणि 99.7 टक्के तीनच्या आत. म्हणजे हजार दिवसांत जेमतेम तीन दिवस तीन टक्क्यांहून मोठ्या चढउताराचे. पाच टक्क्यांचा हिसका सतरा लाख दिवसांतून एकदा. आणि 25 प्रमाण विचलनांचा? त्याची संभाव्यता लिहायची तर दशांश चिन्हानंतर 137 शून्यं मांडावी लागतात, मग पहिला अंक येतो. विश्वाचं वय दिवसांत मोजलं तरी तो आकडा अवघा तेरा अंकी भरतो. असा दिवस लागोपाठ कित्येकदा उगवला, असं कुणी म्हणत असेल तर आधी नियमच तपासायला हवा.

कारण हा नियम सगळ्या आकड्यांचा नाहीच. तो घंटेच्या आकाराच्या प्रसामान्य वितरणाचा आहे. माणसांची उंची किंवा मोजमापातल्या बारीकसारीक चुका या आकाराच्या बऱ्याच जवळ जातात, कारण तिथे अनेक छोटी, एकमेकांवर फारशी अवलंबून नसलेली कारणं एकत्र येतात. बाजारात तसं नसतं. एकाने विकलं की भाव पडतो, भाव पडला की कर्ज काढून गुंतवणूक करणाऱ्या दुसऱ्याला विकावंच लागतं आणि तिसरा ते बघून घाबरतो. 2007 च्या त्या आठवड्यात असंच झालं होतं : एकसारख्या गणिती पद्धतींनी चालणारे अनेक फंड एकाच वेळी एकाच तऱ्हेचे शेअर्स विकत होते.

मग आकार ठाऊक नसेल, हातात फक्त सरासरी आणि प्रमाण विचलन असेल, तर टोकाच्या घटनांबद्दल काही खात्रीनं सांगता येतं का? येतं. फ्रेंच गणिती बियेनेमे यांनी 1853 मध्ये आणि रशियाचे पाफनुती चेबिशेव्ह यांनी 1867 मध्ये ते दाखवून दिलं. आज ही असमानता चेबिशेव्ह यांच्या नावानं ओळखली जाते : सरासरीपासून k प्रमाण विचलनं किंवा त्याहून दूर असलेल्या आकड्यांचा वाटा 1/k² पेक्षा जास्त असूच शकत नाही.

यामागचं कारण सुंदर आहे आणि शंभर दिवसांच्या उदाहरणातून पूर्ण समजतं. प्रत्येक दिवसाचं सरासरीपासूनचं अंतर घ्या, त्याचा वर्ग करा आणि सगळ्या वर्गांची सरासरी काढा. प्रमाण विचलन एक टक्का असेल तर ही सरासरी 1 येते, म्हणजे शंभर दिवसांच्या वर्गांची बेरीज 100. हा झाला एकूण खर्चाचा ठरलेला बटवा. आता पाच टक्के दूर गेलेला एक दिवस त्यातले 25 खातो. असे चार दिवस झाले की बटवा रिकामा, पाचव्याला जागाच नाही. शंभरात जास्तीत जास्त चार, म्हणजेच 1/25. इथे घंटेचा आकार कुठेही लागला नाही.

ही मर्यादा गाठताही येते. दोन दिवस पाच टक्के वर, दोन दिवस पाच टक्के खाली आणि उरलेले 96 दिवस बाजार जागचा हलला नाही, अशी कल्पना करा. सरासरी शून्य, प्रमाण विचलन बरोबर एक टक्का. एरवी निवांत आणि मध्येच भयंकर, अशा या बाजाराला पाठ केलेला नियम लावणारा माणूस पाच टक्क्यांचा दिवस सतरा लाखांतून एकदा येईल असं समजेल आणि तो येईल शंभरात चार वेळा.

आता 19 ऑक्टोबर 1987 कडे पाहू. त्या सोमवारी न्यूयॉर्कचा डाऊ जोन्स निर्देशांक 22.6 टक्क्यांनी कोसळला. दैनंदिन प्रमाण विचलन एक टक्का धरलं, तर ही सुमारे 22 ते 23 प्रमाण विचलनांची घट. प्रसामान्य वितरणानुसार संभाव्यतेत शंभराहून जास्त शून्यं. चेबिशेव्ह यांच्या हिशेबानं मात्र वरची मर्यादा साधारण 511 दिवसांत एक. आपल्याकडे 23 मार्च 2020 रोजी सेन्सेक्स 13 टक्क्यांहून जास्त, 3,934 अंकांनी पडला. तोही याच जातीचा दिवस.

इथे एक गफलत हमखास होते. 511 दिवसांत एक म्हणजे दर दोन वर्षांनी असा सोमवार येणार, असं नव्हे. ही कमाल मर्यादा आहे, अंदाज नव्हे. खरी वारंवारता तिच्यापेक्षा खूप कमी असू शकते आणि बहुतेकदा असतेच. म्हणून उंचीसारख्या ठिकाणी जिथे घंटेचा आकार तपासून पाहिलेला आहे, तिथे चेबिशेव्ह वापरणं म्हणजे हातची माहिती टाकून देणं. तीन प्रमाण विचलनांपलीकडे तिथे 0.3 टक्के लोक असतात. ही असमानता फक्त 11 टक्क्यांपेक्षा जास्त नाहीत एवढंच सांगेल. आणि एका प्रमाण विचलनाबद्दल तर ती काहीच सांगत नाही, कारण 1/1 म्हणजे शंभर टक्के.

पण 2007 चं कोडं सोडवायला तीच उपयोगी पडते. एका वर्षात बाजाराचे सुमारे 250 दिवस. त्याच 250 दिवसांवरून सरासरी आणि प्रमाण विचलन काढलं, तर एका दिवसाचा वाटा 1/250. म्हणजे k जास्तीत जास्त 250 चं वर्गमूळ, 16 च्याही आत. बाजार कितीही पिसाळला तरी त्या वर्षात 25 प्रमाण विचलनांचा एकही दिवस गणितानं शक्य नाही, कारण मोठी घट स्वतःच प्रमाण विचलन फुगवते. असे तीन दिवस बसवायला किमान 1,875 दिवसांची, म्हणजे साडेसात वर्षांची नोंद लागते आणि तीही बाकीचे दिवस जवळपास निश्चल असतील तरच. तेव्हा लागोपाठ 25 चे आकडे दिसले, तर सर्वात सरळ अर्थ असा की मोजपट्टी आधीच्या शांत काळातून घेतलेली होती आणि तिनं वादळ मोजलं गेलं.

इथेच चेबिशेव्ह यांच्या असमानतेचंही टोक येतं. ती खरी सरासरी आणि खरं प्रमाण विचलन मागते. शांत वर्षांतून काढलेलं माप तिच्यात घातलं, तर 1/625 ही मर्यादाही तितकीच बेभरवशाची होते. काही वितरणांची टोकं तर इतकी जाड असतात की नोंदी वाढतील तसं प्रमाण विचलन स्थिरावण्याऐवजी वाढतच जातं. ते ओळखायला एक साधी तपासणी पुरते : नोंदींमधले सर्वात मोठे दोन-तीन दिवस वगळून प्रमाण विचलन पुन्हा काढायचं. एवढ्यानं ते झपकन उतरलं, तर हातातला आकडा त्या दोन-तीन दिवसांचाच आहे आणि पुढचा तसा दिवस तो पुन्हा बदलून टाकेल.