मखमली सोफ्यावरचं पाण्याचं कडं

सोफ्यावर साधं पाणी सांडतं, वाळतं आणि मागे गडद कडेचं वर्तुळ राहतं. पाण्याला रंग नसताना डाग कुठून आला? तो मुळात कापडातलाच असतो. बसून मुरलेली धूळ, अंगाचं तेल, कापडाला कारखान्यात दिलेली खळ हे सारं पाण्यात सुटतं. ओलाव्याची कड आधी वाळते, त्यामुळे मधलं पाणी कडेकडे ओढलं जातं आणि सोबत आणलेला मळ तिथेच टाकतं. पाणी बोअरचं असेल, तर त्यातले क्षारही त्याच कडेवर जमतात. म्हणून तेवढाच डाग ओल्या फडक्याने पुसला, की जुन्या कड्याबाहेर नवं कडं उमटतं.

आधी डाग खरंच आहे का, ते पाहावं. मखमलीची लव आडवी पडली की उजेड वेगळा परततो आणि तो भाग काळपट दिसतो. कोरड्या मऊ ब्रशने लव उलट्या दिशेने उठवावी. काळपटपणा गेला, तर लव फक्त दबली होती. कडं तसंच राहिलं, तर मळ साचला आहे.

समजा, पॉलिएस्टर मखमलीच्या बैठकीवर वाटीएवढं कडं आहे. सोफ्याच्या लेबलवर पाणी चालतं असं आहे ना, हे पाहून मागच्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी थोडं पाणी लावून वाळू द्यावं. रंग उतरला नाही, तर पुढे जावं. व्हॅक्यूमने धूळ काढावी. धूळ राहिली तर तिचाच चिखल होतो. मग स्प्रेच्या बाटलीत डिस्टिल्ड वॉटर, म्हणजे बॅटरीत घालतात ते, भरावं आणि वीतभर अंतरावरून कड्यावरच नव्हे, तर एका शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंत सगळ्या बैठकीवर बारीक फवारा मारावा. कापड सगळीकडे सारखं दमट व्हावं, आतल्या फोमपर्यंत पाणी जाऊ नये. फोम भिजला तर त्यातला मळ वाळताना पुन्हा वर येतो आणि दुसऱ्या दिवशी कडं परत दिसतं. आता ओलावा शिवणीपाशी संपतो, मध्ये कुठे ओली-सुकी सीमाच उरत नाही. हेच या कामाचं मर्म आहे.

पांढरं सुती फडकं दाबून ओल टिपावी, घासू नये. ओलसर असतानाच लव एका दिशेने विंचरावी, कारण ती जशी वाळेल तशीच बसते. पंखा लावावा, हेअर ड्रायरची गरम हवा नको. पावसाळ्यात हे काम उघडीप पाहूनच काढावं.

वाळल्यावरही लव दबलेली दिसली, तर कपड्यांचा स्टीमर चार-पाच इंच दूर धरून वाफ द्यावी आणि लगेच विंचरावं. इस्त्री टेकवलीत तर पॉलिएस्टरची लव कायमची चपटी होते. व्हिस्कोस किंवा रेशमी मखमलीवर मात्र यातलं काहीच घरी करू नये. व्हिस्कोसचा धागा ओला झाला की कमकुवत होतो आणि घरच्या विंचरण्याने लव तुटते. असा सोफा सोफा-क्लीनिंग करणाऱ्या जाणकाराला दाखवावा, आणि कापड कोणतं आहे ते त्याला आधीच सांगावं.