मलम जिथे पोहोचत नाही

समजा, दुसरीत शिकणारी एक मुलगी आहे, वजन २२ किलो. तिच्या दंडावर रुपयाएवढा गोल, कडेला लालसर चट्टा उठला आहे. डोक्यात कानाच्या वरच्या बाजूला एके ठिकाणी केस विरळ झालेत आणि कोंड्यासारखे पापुद्रे सुटताहेत. दोन्ही ठिकाणी गजकर्ण आहे आणि त्यामागची बुरशीही एकच आहे. आई दोन्हीकडे बुरशीचं मलम नेमाने लावते. तीन आठवड्यांत दंड स्वच्छ होतो, डोक्यातला चट्टा मात्र वाढतच जातो. मूल एक, बुरशी एक, मलम एक, मग असं का व्हावं? याचं उत्तर एका केसाच्या आत आहे, आणि ते कळल्यापासून लहान मुलांच्या केसांकडे मी वेगळ्याच नजरेने पाहतो.

ही बुरशी आपल्या जिवंत पेशींना सहसा हात लावत नाही. तिचं खाद्य म्हणजे केराटिन: त्वचेच्या अगदी वरच्या मृत थरातलं, केसातलं, नखातलं टणक प्रथिन. दंडावर हा मृत थर मिलिमीटरच्या पन्नासाव्या हिश्शाएवढाच जाड असतो. तो सतत खालून तयार होतो आणि वरून झडत असतो. म्हणजे बुरशीला तिथे टिकायचं तर कातडी झडण्याच्या वेगाच्या पुढे राहून कडेकडेने पसरावं लागतं. म्हणून तर चट्टा गोल वाढतो, मधली जागा निवळत जाते आणि जिवंत बुरशी कडेला सापडते. मलम कडेच्या बाहेर दोन सेंटिमीटरपर्यंत लावायला सांगतात ते यासाठीच. क्लोट्रिमॅझोल दिवसातून दोनदा, चट्टा दिसेनासा झाल्यावरही आणखी आठवडा-दोन आठवडे लावायचं. इतक्या पातळ थरात औषध सहज मुरतं. एकदोन चट्ट्यांसाठी मुलाच्या पोटात गोळी घालायचं कारणच उरत नाही.

डोक्यात मात्र बुरशीला एक खोल वाट सापडते. केसाचं मूळ कातडीखाली तीन-चार मिलिमीटर असतं. दंडावरच्या त्या मृत थराच्या जाडीशी ताडून पाहिलं तर ही खोली जवळजवळ दोनशे पट आहे. बुरशी केसाच्या कडेने आत उतरते, केसात शिरते आणि केसाच्या आतून खाली खाली वाढत जाते. पण ती अगदी तळापर्यंत जात नाही. तळाशी केस अजून तयार होत असतो, पेशी जिवंत असतात, केराटिन पक्कं झालेलं नसतं. त्या सीमारेषेवर ती थांबते. केस मात्र रोज सुमारे ०.३५ मिलिमीटर वर सरकत असतो, त्याच्यासोबत बुरशीही वर ढकलली जायला हवी. तशी ती जात नाही, कारण केस जितका वर येतो तितकीच ती खाली वाढते. उलट्या दिशेने धावणाऱ्या सरकत्या जिन्यावर एखाद्याने पावलं मोजून एकाच जागी उभं राहावं, तसं. सूक्ष्मदर्शकाखाली तिथे बुरशीच्या धाग्यांची झालर दिसते. लंडनचे त्वचारोगतज्ज्ञ अॅडमसन यांचं नाव त्या झालरीला दिलेलं आहे. वरून चोळलेलं मलम इथवर पुरेसं पोहोचतच नाही.

गोळी तरी तिथे कशी पोहोचणार? तयार केसात रक्तवाहिनी नसते. तो मृत असतो. गोळीचं औषध केसात शिरतं ते तो तयार होत असतानाच, तळाच्या जिवंत पेशींतून. त्या पेशी केराटिन बनवताना औषधही सोबत घेतात, आणि मग केस वर येतो तो औषध पोटात घेऊनच. बुरशीच्या झालरीला पुढचा घास मिळतो तो असा. १९५८ साली ग्लासगो विद्यापीठातल्या जे. सी. जेंटल्स यांनी गजकर्ण झालेल्या गिनीपिगांना तोंडावाटे ग्रिसिओफल्विन देऊन हे करून दाखवलं. हे औषध मिळालं होतं पेनिसिलियम कुळातल्या एका बुरशीपासूनच. त्याआधीचा उपाय म्हणजे क्ष-किरणांनी मुलांचे सगळे केस गळवणं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हजारो मुलांवर तो झाला आणि त्यातल्या काहींना मोठेपणी मेंदूच्या व थायरॉइडच्या गाठी झाल्या. गोळीने हे सगळं थांबवलं.

ग्रिसिओफल्विन बुरशीला मारत नाही, तिची वाढ रोखतं. म्हणून जुना, बाधलेला केस पूर्ण बाहेर पडेपर्यंत सहा ते आठ आठवडे, कधी जास्तही, ते द्यावं लागतं. ते स्निग्ध अन्नासोबत चांगलं शोषलं जातं, म्हणून दूध किंवा तूपभातासोबत द्यायचं. टर्बिनाफिन बुरशीला मारतं आणि गोळी थांबल्यावरही केसात काही आठवडे टिकतं, त्यामुळे त्याचा कोर्स साधारण चार आठवड्यांचा. कोणतं द्यायचं हे बुरशीच्या जातीवर ठरतं. आपल्याकडे मुलांच्या डोक्यात बहुधा ट्रायकोफायटॉन आढळतो आणि त्यावर टर्बिनाफिन चांगलं चालतं. मांजरापासून येणाऱ्या मायक्रोस्पोरमवर ग्रिसिओफल्विन सरस ठरतं. आपल्या २२ किलोच्या मुलीला डॉक्टर टर्बिनाफिन देतील तर ते बहुधा रोज १२५ मिलिग्रॅम, म्हणजे २५० च्या गोळीची अर्धी. यकृताचा त्रास आधी असेल तर ते सांगायलाच हवं.

वरून लावायच्या औषधाला डोक्यात कामच नाही असं मात्र नव्हे. किटोकोनॅझोलचा शाम्पू आठवड्यातून दोनदा, पाच मिनिटं ठेवून धुतला तर केसांवरचे बीजाणू कमी होतात आणि दुसऱ्या मुलांना लागण होण्याची शक्यता घटते. तो गोळीला जोड म्हणून; एकट्याने आजार बरा करत नाही. गोळी आणि शाम्पू सुरू झाल्यावर मुलीला शाळेतून घरी बसवायची गरज नाही, टक्कलही करायला नको. कंगवा, टोपी, पंचा मात्र वेगळा हवा, आणि भावंडांची डोकी पाहायला हवीत, कारण काही मुलं लक्षणं नसतानाही बुरशी वाहतात.

निदानासाठी डॉक्टर चट्ट्यातले केस उपटून आणि पापुद्रे खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. घरीही काही गोष्टी ओळखता येतात. चाईत कातडी गुळगुळीत असते, पापुद्रे नसतात. गजकर्णात पापुद्रे असतात, केस कातडीलगत तुटून काळे ठिपके दिसतात आणि मानेमागे गाठी लागतात.

अंगावरच्या चट्ट्याला गोळी लागते ती चट्टे पुष्कळ असतील, परत परत येत असतील किंवा स्टेरॉइडने बिघडले असतील तेव्हा. दुकानातून सहज मिळणाऱ्या कित्येक मलमांत बुरशीच्या औषधासोबत क्लोबेटासॉल असतं. त्याने खाज आणि लाली दोन दिवसांत ओसरते, आई खूश होते. पण ती लाली म्हणजे शरीराचा प्रतिकार होता. कातडी लवकर झडवून बुरशी फेकून देण्याची त्याची रीत. ती दबली की बुरशी निवांत पसरते आणि चट्टा ओळखूही येत नाही. टर्बिनाफिनला न जुमानणारी ट्रायकोफायटॉन इंडोटिनी ही जात आज आपल्याकडे फोफावली आहे, त्यामागे अशी मलमं हे एक कारण मानलं जातं. मुलांच्या चट्ट्यावर ती लावू नयेत, हे माझं ठाम मत आहे.

आणि डोक्यावर पू झालेली, दाबली की लिबलिबीत लागणारी दुखरी सूज दिसली, तर ती गळू समजून चिरायला नेऊ नका. तो बहुधा गजकर्णाचाच उग्र प्रकार असतो. त्यावरही उपाय तोंडावाटे घ्यायचं बुरशीचं औषध हाच. साध्या चट्ट्यात केस पुन्हा येतात. इथे उशीर झाला तर मुळंच नष्ट होतात आणि तेवढ्या जागी टक्कल कायमचं राहतं. म्हणून अशी सूज दिसली की त्याच आठवड्यात मुलाला त्वचारोगतज्ज्ञाकडे न्या.