दहा चाकी गाडीचा एक किलोमीटर किती रुपयांचा?

डोंबिवली पूर्वेच्या मानपाड्यातून कल्याण-शीळ रस्त्याला लागलेली मालगाडी शीळफाटा, कळंबोली, द्रुतगती मार्ग आणि तळेगाव असा प्रवास करत चाकणला पोहोचते. अंतर साधारण 120 किलोमीटर. एमआयडीसीतून 16 टन माल घेऊन गेलेली गाडी रिकामी परतली, तर एका फेरीत 240 किलोमीटर होतात. या फेरीला किती भाडं मागायचं, हे ठरवण्याआधी ती आपल्याला किती रुपयांना पडते हे ठाऊक हवं. एका गाडीचा हिशेब इथे मांडला आहे. हिशेब समजायला सोपा जावा म्हणून आकडे ठोकळ धरले आहेत; आपल्या वहीतले आकडे त्यांच्या जागी घालावेत.

सुरुवात उभ्या गाडीपासून करू. गाडी महिनाभर हलली नाही तरी काही खर्च चालूच राहतात. त्यांतला मोठा खर्च घसाऱ्याचा. गाडी 36 लाखांची आणि तिच्यावरचे टायर 2 लाखांचे धरू. टायर किलोमीटरप्रमाणे झिजतात, म्हणून त्यांचा खर्च पुढे वेगळा येणार आहे. ते इथेच वजा केले नाहीत तर तीच रक्कम दोनदा धरली जाते. उरले 34 लाख. आठ वर्षांनी गाडी 10 लाखांना विकली जाईल असं मानलं, तर 24 लाखांचा घसारा आठ वर्षांत, म्हणजे महिन्याला 25,000 रुपये. कर्जाच्या हप्त्यातली मुद्दल इथे धरायची नाही, कारण ती घसाऱ्यातून आधीच आली आहे. फक्त व्याज धरायचं, समजा 15,000. विमा 7,000, कर, परमिट आणि फिटनेस मिळून 3,000, ड्रायव्हरचा पगार 25,000, क्लीनरचा 12,000, पार्किंग आणि कार्यालयाचा वाटा 9,000. एकूण 96,000 रुपये. हा महिन्याचा स्थिर खर्च.

महिन्यात 20 फेऱ्या झाल्या तर 4,800 किलोमीटर होतात आणि स्थिर खर्च किलोमीटरमागे 20 रुपये पडतो. मात्र हा आकडा स्थिर राहत नाही. कल्याण-शीळ रस्त्यावरच्या कोंडीत आणि कंपनीच्या गेटवर वेळ गेला आणि फेऱ्या 16 वर आल्या, की किलोमीटर 3,840 होतात आणि तोच खर्च 25 रुपयांवर जातो. डिझेल महागलेलं नसतं, गाडी बिघडलेली नसते, तरी किलोमीटर पाच रुपयांनी महाग झालेला असतो. म्हणून दर महिन्याला फेऱ्यांची संख्या आधी पाहावी.

आता चालत्या गाडीचा खर्च. डिझेल 90 रुपये लिटर धरू. भरलेली गाडी लिटरला 4 किलोमीटर देते आणि रिकामी 6. इथे पुष्कळ जण दोन्हींची सरासरी काढून 5 लिहितात आणि फसतात. जाताना 30 लिटर लागलं, येताना 20. म्हणजे 240 किलोमीटरला 50 लिटर, आणि खरं अ‍ॅव्हरेज 4.8. सरासरी नेहमी लिटर मोजून काढायची. टाकी काठोकाठ भरून निघावं आणि परत आल्यावर पुन्हा काठोकाठ भरावी. जेवढं बसलं तेवढं जळलं. एकाच मार्गावर तेवढ्याच मालाला हा लिटरचा आकडा हळूहळू वाढू लागला, तर टायरची हवा, इंजिन किंवा डिझेलची चोरी यांपैकी काहीतरी तपासायला हवं.

डिझेलचे झाले 4,500. बीएस-6 गाडीला युरियाचं द्रावणही लागतं, त्याचे 150. दहा टायर 80,000 किलोमीटर टिकतात असं धरलं तर फेरीला 600 रुपये. ऑइल, सर्व्हिसिंग आणि दुरुस्ती 600. दोन्ही वेळचा टोल 3,000 धरू. ड्रायव्हर-क्लीनरचा भत्ता आणि वाटखर्च 750. फेरीचा चालू खर्च 9,600 झाला, म्हणजे किलोमीटरला 40 रुपये. त्यात स्थिर खर्चाचे 20 मिळवले की किलोमीटर 60 रुपयांना आणि फेरी 14,400 रुपयांना पडते.

ग्राहक मात्र किलोमीटरचे पैसे देत नाही, माल पोहोचवण्याचे देतो. त्यासाठी टन-किलोमीटर हे माप आहे: एक टन माल एक किलोमीटर नेला की एक टन-किलोमीटर. आपल्या फेरीत 16 टन 120 किलोमीटर गेले, म्हणून 1,920 टन-किलोमीटर. 14,400 ला त्याने भागलं की 7.50 रुपये. येतानाचे 120 किलोमीटरही 16 टनांनी गुणले, तर उत्तर 3.75 येतं आणि भाडं निम्म्यावर मागितलं जातं. रिकाम्या परतीचा खर्च पूर्ण धरायचा, पण तिचे टन-किलोमीटर शून्य.

वाटेत माल उतरत असेल, तर प्रत्येक टप्पा वेगळा गुणायचा. समजा 100 किलोमीटरवर तळेगावला 6 टन उतरले आणि 10 टन पुढचे 20 किलोमीटर चाकणला गेले. 1,600 आणि 200 मिळून 1,800 टन-किलोमीटर होतात, आणि दर 8 रुपये पडतो. दोन वजनांची सरासरी 13 टन काढून ती 120 ने गुणली, तर 1,560 येतात आणि दर 9.23 दिसतो. बहुतेक वाट पूर्ण भार असताना ही सरासरी चुकते.

परतीचं भाडं मिळालं तर काय होतं, हे पाहू. चाकणहून 8 टन मिळाले, जादा डिझेल, दलाली आणि हमाली मिळून 1,440 रुपये लागले. खर्च 15,840, टन-किलोमीटर 2,880, दर 5.50. पण या मालासाठी थांबावं लागल्याने महिन्याच्या फेऱ्या 20 वरून 16 झाल्या, तर प्रत्येक फेरीवर स्थिर खर्च 6,000 बसतो आणि दर 5.92 होतो. 7.50 पेक्षा तो कमीच दिसतो, म्हणून हा सौदा फायद्याचा वाटतो. पण जाण्याचं भाडं 16,000 असेल, तर चालू खर्च वजा जाता एका फेरीमागे 6,400 उरतात. चार फेऱ्या गेल्या म्हणजे 25,600 गेले. ते उरलेल्या 16 परतींतून भरून निघायला हवेत, म्हणजे प्रत्येकीमागे 1,600, अधिक 1,440 चा जादा खर्च. परतीचं भाडं 3,040 पेक्षा कमी असेल, तर थांबून माल भरण्यापेक्षा रिकामं येणं परवडतं. टन-किलोमीटरचा दर हे एकट्याने सांगू शकत नाही. शेजारी महिन्याच्या फेऱ्या ठेवाव्या लागतात.

थांबलेल्या गाडीचे पैसे वाहतूक दरात मिसळू नयेत. भारताच्या कॉस्ट अकाउंटंट्स संस्थेच्या वाहतूक खर्चावरील सीएएस-5 या मानकातही डिटेन्शन, डेमरेज आणि असाधारण बिघाडाचा खर्च बाहेर ठेवला आहे. गेटवर आल्याची आणि सुटल्याची वेळ पावतीवर लिहून घेतली, की त्याचं बिल वेगळं करता येतं.

शेवटी डिझेलची वाढ. फेरीला 50 लिटर लागतात, त्यामुळे लिटरमागे एक रुपया वाढला की फेरी 50 रुपयांनी, किलोमीटर सुमारे 21 पैशांनी आणि रिकाम्या परतीच्या फेरीत टन-किलोमीटर सुमारे 2.6 पैशांनी महागतं. वर्षभराचा करार करताना मूळ डिझेल दर आणि हा वाढीचा आकडा दोन्ही लिहून घ्यावेत.